डोकेदुखीची डायरी: न दुखलेल्या दिवसांचं काय लिहायचं?

प्रश्न: माझं वय 34. देवगड तालुक्यात राहते. महिन्यातून चार-पाच वेळा अर्धं डोकं उठतं, उलटी झाली की जरा बरं वाटतं. घरचे म्हणतात पित्त आहे, मासळी सोड. डॉक्टरांनी डोकेदुखीची डायरी ठेवायला सांगितली आहे. रोज लिहायचं की फक्त दुखेल तेव्हा? आणि नेमकं काय काय लिहायचं?

उत्तर:

रोज लिहा. डोकं दुखलं नाही त्या दिवशी तर नक्की लिहा. बहुतेक जण फक्त दुखण्याच्या दिवसाची नोंद करतात आणि दोन महिन्यांनी अशी वही घेऊन येतात की तिच्यातून काहीच ठरवता येत नाही. डोकं उठलं की माणूस काल काय खाल्लं, कुठे गेलो ते आठवतो आणि जे सापडेल त्यावर ठपका ठेवतो. तेच खाऊन, तिथेच जाऊन डोकं शांत राहिलं असे दिवस कुणी मोजत नाही.

मी सिंधुदुर्गात बरीच वर्षं दवाखाना चालवते आहे. वेंगुर्ल्याकडची एक बाई माझ्याकडे यायची, काजूच्या कारखान्यात कामाला. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून तिची गोष्ट सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या डायरीत आहे. तिचं पहिलंच वाक्य होतं, "डॉक्टरानू, बांगडो खाल्लो की दुसऱ्या दिसाक कपाळ उठता." तिने आधी बांगडा सोडला, मग तारली, मग कोलंबी. शेवटी घरातल्या सगळ्यांसाठी मासळी करायची आणि स्वतः डाळभात खायचा, इथपर्यंत वेळ आली होती. डोकं उठायचं थांबलं नव्हतं.

मी तिला सांगितलं, मासळी पुन्हा सुरू कर, नेहमीसारखी खा आणि बारा आठवडे रोज लिही. तुम्हीही डायरीच्या काळात आहार बदलू नका. जी गोष्ट तुम्ही सोडून दिली आहे तिच्यामुळे दुखतं की नाही, हे डायरी सांगू शकत नाही. ज्या पदार्थाने अंगावर गांधी उठतात किंवा घसा सुजतो तो मात्र अजिबात खाऊ नका. ती अ‍ॅलर्जी आहे, तिचा विषय वेगळा.

बारा आठवडे म्हणजे 84 दिवस. त्यात तिचं डोकं 14 वेळा उठलं. त्यांपैकी 8 वेळा आदल्या दिवशी मासळी खाल्लेली होती. इतकंच पाहिलं तर निम्म्याहून जास्त वेळा मासळीच दिसते आणि घरातल्यांचं म्हणणं खरं ठरतं. पण आता सगळे दिवस घ्या. सोमवार, गुरुवार आणि शनिवार ती मासळी खात नाही, म्हणजे आठवड्यातले चार दिवस मासळीचे. बारा आठवड्यांत असे 48 दिवस झाले, त्यांच्या दुसऱ्या दिवशी 8 वेळा डोकं उठलं: दर सहा दिवसांत एकदा. बिनमासळीचे दिवस 36, त्यांच्या दुसऱ्या दिवशी 6 वेळा उठलं: पुन्हा दर सहा दिवसांत एकदाच. मासळी खाल्ली काय, न खाल्ली काय, फरक शून्य. बांगडा आठवत होता, कारण तो घरात वारंवार शिजत होता.

मग आम्ही दुसरी गोष्ट मोजली. तिच्या जेवणाच्या वेळा. ती सकाळी साडेसहाला चहा आणि दोन टोस्ट खाऊन निघायची. सोलणीची मजुरी किलोवर असल्यामुळे काम जोरात असलं की जेवणाचा डबा दोन-अडीचला उघडायचा. शिवाय सोमवारचा उपास. आम्ही आधीच ठरवलं होतं की सहा तासांहून जास्त पोट रिकामं राहिलं की त्या दिवशी 'उशीर' लिहायचं. असे 18 दिवस निघाले आणि त्यात 7 वेळा डोकं उठलं, म्हणजे पाचांतल्या जवळजवळ दोन दिवशी. उरलेल्या 66 दिवसांत मिळूनही 7 वेळाच, म्हणजे नऊ-दहा दिवसांत एकदा. इथे फरक उघड दिसतो.

ही मोजणी तुम्हाला घरी कागदावर करता येते. संशय असलेल्या कुठल्याही गोष्टीसाठी चार आकडे लागतात: ती गोष्ट घडली असे दिवस आणि त्यातले दुखलेले, ती घडली नाही असे दिवस आणि त्यातले दुखलेले. यातला पहिला आणि तिसरा आकडा फक्त रोजच्या नोंदीतून मिळतात. म्हणून मी रोज लिहायचा आग्रह धरते.

आता काय लिहायचं. यासाठी वेगळी वही आणू नका, दोन आठवड्यांत ती कपाटात जाते. स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असतंच. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख त्यावर लिहिता, तिथेच डोकेदुखी लिहा. संकष्टी, एकादशी, अमावास्या आधीच छापलेली असते, त्यामुळे उपासाचे दिवस शोधावे लागत नाहीत. चौकट लहान वाटली तर शेजारी खिळ्याला एक कागद अडकवा. लिहायची वेळ एकच ठेवा, दिवेलागणीनंतरची चांगली. एखाद्या दिवशी राहिलं तर ती चौकट काट मारून सोडून द्या. आठवून भरलेली नोंद नसलेल्या नोंदीपेक्षा वाईट, कारण आठवताना आपण नकळत आपला संशयच लिहितो.

रोजची ओळ साधी असते. रात्री झोपले किती वाजता, उठले किती वाजता, पहिलं खाणं, दुपारचं जेवण, चहाचे कप, पाळीचा कितवा दिवस, कुठली गोळी घेतली का आणि डोकं किती. डोक्यासाठी शून्य ते तीन असे चारच आकडे वापरा. दुखलं नाही तर शून्य. दुखतंय पण कामं चालू आहेत, तर एक. काम अडलं तर दोन. आडवं व्हावं लागलं तर तीन. दहापैकी किती असं विचारलं की माणूस सहा लिहू की सात, यात अडकतो. काम अडलं की नाही हे मात्र लगेच सांगता येतं. त्या बाईची एका साध्या दिवसाची ओळ अशी होती:

"10.30 ते 5.30. टोस्ट 6.30, पेज 9, जेवण 1. चहा 3. पाळी नाही. गोळी नाही. डोकं 0."

आणि हा दुखण्याचा दिवस:

"11.30 ते 5.30. टोस्ट 6.30, जेवण 2.45. चहा 4. पाळी दुसरा दिवस. काल संध्याकाळी जांभया, मान धरली. दुपारी 4 ला सुरू, उजवी कानशील, ठोके. उजेड नको, उमासे. 2. गोळी 6.30 ला. 8.30 ला 3, उलटी. झोपून रात्री 1 ला उतरलं."

दुखेल त्या दिवशी एवढा तपशील हवा. सुरू कधी झालं, कुठल्या बाजूला, ठोके पडतात की पट्टा आवळल्यासारखं वाटतं, जिना चढल्यावर किंवा वाकल्यावर वाढतं का, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा वाटणं, गोळी किती वाजता घेतली, दोन तासांनी काय झालं आणि पूर्ण उतरलं कधी. यावरून डॉक्टरला ही अर्धशिशी आहे की ताणाची डोकेदुखी, हे बरंचसं कळतं. मोठ्या माणसाची अर्धशिशी औषध न घेता साधारण 4 ते 72 तास चालते आणि मळमळ, उलटी हा तिचाच भाग असतो. उलटीनंतर बरं वाटतं म्हणून दुखणं पित्ताने आलं असं आपल्याकडे सगळे समजतात. पण अर्धशिशीच्या झटक्यात पोटाची हालचाल मंदावते, त्यामुळे मळमळतं आणि जेवण तसंच बसून राहतं. तुमचं वर्णन वाचून मला याचीच दाट शंका येते, पण निदान तुम्हाला समोर तपासणारे डॉक्टरच करतील.

वरच्या ओळीत गोळीची वेळ पाहा. दुखणं चारला सुरू झालं, गोळी साडेसहाला. "उतरेल म्हणून वाट बघलंय," असं ती म्हणाली. अर्धशिशीत गोळी दुखणं हलकं असतानाच घेतली तर जास्त लागू पडते. उशीर झाला की पोट मंदावलेलं असतं आणि गोळी नीट शोषली जात नाही. 'गोळ्याच लागू पडत नाहीत' म्हणून आलेल्या कितीतरी जणांच्या डायरीत गोळी चुकीची नसते, उशिरा घेतलेली असते.

त्या ओळीतला 'काल संध्याकाळी जांभया, मान धरली' हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. अर्धशिशीचा झटका दुखायच्या काही तास आधी, कधी कधी दोन दिवस आधीच मेंदूत सुरू झालेला असतो. त्या वेळी जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, लघवीला जास्त लागते, गोड किंवा खारट खावंसं वाटतं, उजेड आणि वास टोचू लागतात. कारण शोधताना फसगत होते ती इथेच. एखादी बाई आदल्या रात्री गुळाचा खडा मागून खाते आणि दुसऱ्या दिवशी डोकं उठलं की गुळाला दोष देते. प्रत्यक्षात गूळ खावासा वाटला तो झटका सुरू झाला होता म्हणून. अंगणात वाळत घातलेल्या सुकटीचा वास एरवी वर्षभर खटकत नाही, एखाद्या दिवशी मात्र असह्य होतो आणि दोन तासांत डोकं उठतं. तेव्हा वासाने दुखणं आणलं की येऊ घातलेल्या दुखण्याने वास नकोसा केला? उन्हाचंही असंच. मे महिन्यात ऊन रोजच असतं, पण एखाद्याच दिवशी डोळ्यांत खुपतं.

हे ओळखायचं तर जांभया, मान, चिडचिड, खावंसं वाटणं, या गोष्टींची वेळ लिहा. जांभया आणि मान आखडणं आधी आलं आणि ऊन किंवा वास नंतर, तर ऊन बहुधा निर्दोष आहे. आधी काहीच नव्हतं, दुपारी दोन तास जेटीवर उन्हात उभं राहिलात आणि संध्याकाळी उठलं, असं पुन्हा पुन्हा घडत असेल तर उन्हावर संशय घ्यायला जागा आहे. आधीच्या या खुणांचा आणखी एक उपयोग असा की आपल्या खुणा कळल्या की त्या दिवशी जागरण आणि उपास टाळता येतो.

पाळीची नोंद कुणी बाई विसरत नाही, पण बहुतेकजणी फक्त पाळी आली ती तारीख लिहितात. रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस धरा, त्याच्या आधीचे दोन दिवस आणि पहिले तीन दिवस, असे पाच दिवस रंगवून ठेवा. तीनपैकी निदान दोन पाळ्यांत याच पाच दिवसांत झटका येत असेल तर ती पाळीशी जोडलेली अर्धशिशी. त्या बाईच्या तीन पाळ्यांतले असे 15 दिवस होते आणि त्यात 5 झटके. बाकी 69 दिवसांत 9. त्या 15 दिवसांतल्या ज्या चार दिवशी जेवणालाही उशीर झाला, त्यांपैकी तीन दिवशी डोकं उठलं. एकटं कारण पुष्कळदा पुरेसं नसतं, दोन एकत्र आली की झटका येतो. कधी उशिरा जेवून काही होत नाही, कधी होतं, याचा उलगडा इथे झाला.

आपल्याकडच्या दोन-तीन गोष्टी परदेशी तक्त्यांत नसतात, त्या तुम्ही वाढवा. डोक्यावरून आंघोळ कधी केली आणि केस किती वेळ ओले राहिले, हे लिहा. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी 2006 साली डोक्यावरून आंघोळ केल्यावर अर्धशिशी उठणाऱ्या 94 भारतीय रुग्णांची निरीक्षणं मांडली होती. पावसाळ्यात आपल्याकडे केस दिवसभर वाळत नाहीत, ज्यांना हा त्रास आहे त्यांची जुलै-ऑगस्टची पानं बोलकी असतात. चहाचे कप मोजायला सांगितले त्याचं कारण वेगळं. रोज पाच-सहा कप घेणाऱ्याने एखाद्या दिवशी कडक उपासात चहाही बंद ठेवला तर चोवीस तासांच्या आत डोकं दुखू शकतं. तिथे उपाशी पोट आणि बंद झालेला चहा यांत फरक करायचा तर दोन्ही लिहिलेलं हवं. हवामानाचं मात्र फार लिहीत बसू नका. ढग, दमट हवा, वारा यांबद्दल सगळ्यांचे समज पक्के असतात, नोंदीतून क्वचितच काही ठरतं आणि ठरलं तरी पाऊस काही थांबवता येत नाही. तासाभराहून जास्त उन्हात होतात का, एवढं पुरे.

गणपतीचे दिवस लिहा, पण त्यांवरून निष्कर्ष काढू नका. घरात चाकरमानी भरलेले असतात, रात्री भजनं, पहाटे उठणं, धूप, मोदक, वेळेवर जेवण नाही, सगळं एकदम बदलतं. त्या आठवड्यात डोकं उठलं तर कशाने, हे कुणालाच सांगता यायचं नाही.

आता गोळ्या. कारणं शोधायच्या नादात हा रकाना कोरा राहतो, आणि मी कॅलेंडर हातात घेतल्यावर आधी तोच बघते. महिन्यात किती दिवस गोळी घेतली, ते मोजा. गोळ्यांची संख्या नको, दिवस मोजा. साधी वेदनाशामक, म्हणजे नुसती पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन, महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि कॅफीन मिसळलेल्या गोळ्या, खास अर्धशिशीसाठीच्या एर्गोटामिनच्या किंवा ट्रिप्टान गटातल्या गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. दुकानातून सुट्या मिळणाऱ्या डोकेदुखीच्या गोळ्यांत पुष्कळदा कॅफीन असतं, म्हणून पाकिटामागचं वाचून औषधाचं नाव लिहा. डोकं महिन्यातले पंधराहून जास्त दिवस दुखत असेल आणि गोळीचे दिवसही असेच भरत असतील, तर मासळी, ऊन, उपास यांचा शोध तूर्त थांबवा. आधी गोळ्यांचा प्रश्न सोडवावा लागतो, आणि त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली बंद करायच्या. बंद केल्यावर सुरुवातीचे काही दिवस दुखणं वाढतं, त्याची तयारी लागते.

किमान आठ आठवडे लिहा, पाळी येत असेल तर तीन पाळ्या पूर्ण होऊ द्या. मधे मोजायला बसू नका. दोन आठवड्यांच्या नोंदीत दोन योगायोग पुरतात आणि मग पुढच्या नोंदी त्याच समजातून होतात. शेवटी मोजा, आणि फरक दिसला तर एकच गोष्ट बदलून आणखी आठ आठवडे लिहा. मोजणीने फक्त संशयित सापडतो. तो खरा की नाही, हे त्याला बाजूला केल्यावर ठरतं. त्या बाईने डब्यात सकाळी दहाच्या चहाबरोबर खायला पोहे नाहीतर घावन न्यायला सुरुवात केली आणि सोमवारी फराळ वेळेवर करायची. मासळी सुरूच. पुढच्या आठ आठवड्यांत झटके निम्म्याच्या आसपास आले. पाळीच्या दिवसांतले मात्र तसेच राहिले, त्यांना जेवणाच्या वेळेने काही फरक पडला नाही. पण ते कधी येणार हे आता कॅलेंडरवर दिसत होतं, त्यामुळे त्या पाच दिवसांपुरतं आधीच औषध द्यायचं ठरवता आलं. कितीही नीट लिहिलं तरी काही झटक्यांना कारण सापडत नाही. तिच्या 14 पैकी 5 असेच होते. ना पाळी, ना उशीर. त्यांच्यामागे लागून एकेक पदार्थ सोडत जाऊ नका.

काही डोकेदुख्यांना डायरी लावायचीच नसते. एखाद्या मिनिटात कळस गाठणारं, आयुष्यात कधी झालं नव्हतं इतकं भयंकर दुखणं. ताप आणि ताठ मान. हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, दिसेनासं होणं, फिट येणं. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेलं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आलेलं. खोकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढणारं आणि दिवसेंदिवस चढत जाणारं. यात त्याच दिवशी दवाखाना गाठा. पहिल्या तीन प्रकारांत तर रात्रीची वेळ असली तरी थांबू नका, 108 ला फोन करा.

डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडरची पानं भिंतीवरून काढून तशीच न्या, पण आदल्या रात्री दर महिन्याच्या पानावर वर तीन आकडे लिहा: डोकं दुखलं ते दिवस, दोन किंवा तीन लिहिलेले दिवस, गोळी घेतली ते दिवस. महिन्यातले चार किंवा जास्त दिवस अर्धशिशीत जात असतील आणि काम अडत असेल, तर रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधाबद्दल तुम्ही स्वतःहून विचारा. ते औषध सुरू झालं तरी लिहिणं चालू ठेवा. त्याचा गुण यायला साधारण दोन-तीन महिने लागतात आणि आला की नाही हे त्या तीन आकड्यांवरूनच कळतं.